ठळक अक्षरांतील घटक पाहा

आमच्या कंपनीतल्या बिस्किटाच्या पुड्यामागे जे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ना, जे कुणी म्हणजे कुणी वाचत नाही, ते बघणं हे माझं काम. लेबल विभाग म्हणतात त्याला. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक भिंग आणि बाजूला छपाईच्या नमुन्यांचा ढीग. लोक विचारतात, दिवसभर तेच तेच वाचून कंटाळा येत नाही का? येतो ना! पण जगात कुणी तरी ते वाचायलाच हवं, आणि माझ्या नशिबी आलंय.

यंदा कंपनीनं थायलंडला माल पाठवायचं ठरवलं. पाच प्रकारची बिस्किटं. तिकडच्या कायद्यानं पुड्यावर थाई भाषेत लेबल हवं, म्हणजे आपल्या पुड्यावर वरून थाई स्टिकर चिकटवायचा. साहेबांनी भाषांतराच्या एजन्सीला काम दिलं, एजन्सीकडे थाई येणारं माणूस नव्हतं, आणि माझ्या घरात होतं. माझी वहिनी. दादानं परदेशात नोकरी करताना लग्न केलं आणि तिला घेऊन आला. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तिनं आमची भाषा शिकली, आमच्या आईची बोलणी ऐकली, आईला उलट उत्तर द्यायलाही शिकली. पण तिची स्वतःची भाषा या घरात कुणाला कधी लागली नाही. फोनवर आपल्या माणसांशी बोलायची तेवढीच. आई म्हणायची, ही फोनवर बोलते तेव्हा मला वाटतं घरात पाहुणी आलीय.

मीच तिचं नाव एजन्सीला सुचवलं. पहिल्या दिवशी ती टेबलाशी अशी बसली होती, जशी एखादी मुलगी परीक्षेला बसते. केस बांधलेले, पाण्याचा तांब्या बाजूला, आणि आईला ताकीद की कुकर आत्ता लावू नका, शिट्ट्यांनी माझं लक्ष जातं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की बघ, तुझ्यामुळे आता स्वयंपाकही परवानगी घेऊन करायचा. पण कुकर लावला नाही, हे खरं.

आता काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या मूळ पुड्यावर घटकांची यादी असते आणि त्यात ज्याची कुणाला ॲलर्जी असू शकते ते शब्द ठळक छापलेले असतात. गहू, दूध, सोया, असे. यादीच्या खाली एक वाक्य असतं: ‘ॲलर्जीसाठी ठळक अक्षरांतील घटक पाहा.’ पाचही पुड्यांवर अगदी तेच वाक्य, काना-मात्रेचा फरक नाही.

थायलंडमध्ये रीत वेगळी. तिथे ठळक-बिळक चालत नाही. घटक वजनाच्या टक्क्यांसकट लिहायचे, जास्त असेल ते आधी. रंग, टिकण्यासाठीची द्रव्यं असं जे वरून मिसळतात, त्याचं काम काय ते लिहून पुढे त्यांचा क्रमांक द्यायचा. आणि यादीच्या खाली वेगळी ओळ: ‘अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी माहिती : यात आहे’ आणि पुढे एकेक नाव. मालात नाही पण त्याच यंत्रावर दुसरं काही बनतं, म्हणून चुकून येऊ शकेल असं असेल, तर ‘असू शकेल’ म्हणायचं, ते निराळं. ही ओळ घटकांच्या अक्षरांपेक्षा बारीक असता कामा नये आणि मागच्या रंगावर उठून दिसली पाहिजे. वहिनीनं हे सगळं मला दोनदा समजावलं, आणि मी साहेबांना चारदा.

तर ‘ठळक अक्षरांतील घटक पाहा’ या वाक्याचं शब्दाला शब्द भाषांतर करून उपयोगच नव्हता. ठळक अक्षरं थाई स्टिकरवर नसणारच, मग पाहायचं काय, कपाळ? म्हणून वहिनीनं पहिल्या पुड्याला, दुधाच्या बिस्किटाला, त्या वाक्याच्या जागी तिकडच्या पद्धतीची ओळ लिहिली. गहू आहे, दूध आहे, सोया आहे. सोया कुठून आला म्हणाल, तर पीठ आणि तूप एकजीव राहावं म्हणून घालतात ते लेसिथिन सोयाचं असतं. ते तिनं मला विचारून खात्री करून घेतलं. एवढी काटेकोर! मला मनातून अभिमानच वाटला, पण नणंदेनं एवढं तोंडावर बोलून दाखवायचं नसतं.

स्टिकर छापून आले, चिकटले, माल बोटीनं गेला, तिकडे पोचला. आयात करणाऱ्या कंपनीच्या गोदामात पेट्या लागल्या आणि पुढच्या आठवड्यात दुकानांत जाणार असं ठरलं. सगळं कसं सुतासारखं सरळ.

हा निरोप आला त्या संध्याकाळी मी घरी जाताना पिशवीत पाच पुडे टाकले. स्टिकर वाकडा बसलेले पुडे आम्ही बाजूला काढतो, ते कामगार वाटून घेतात. म्हटलं, वहिनीला दाखवावं. स्वतः लिहिलेलं छापून आलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

काय खूश झाली ती! पुडे ओट्यावर ओळीनं मांडले, चष्मा आणला. आई पोळ्या लाटत होती, तिला म्हणाली, आई, ऐका. आणि एकेक पुडा हातात घेऊन मोठ्यानं थाईत वाचायची, मग आमच्या भाषेत सांगायची. आईला गंमत वाटत होती. थाईत ‘आहे’ला ‘मी’ म्हणतात, म्हणून आई दर ओळीला विचारायची, आता कोण म्हणतंय मी मी? वहिनी हसून हसून लाल झाली होती. मी चहा गाळत होते. मला वाटलं, बारा वर्षांत या दोघी अशा एकत्र कधी हसल्या होत्या, आठवत नाही.

पाचवा पुडा चॉकलेट क्रीमचा. तिनं घटक वाचले. गव्हाचं पीठ, साखर, वनस्पती तेल, दूध पावडर, कोको, शेंगदाण्याचा लगदा चार टक्के, सोयाचं लेसिथिन. मग खालची ओळ वाचली. गहू, दूध, सोया. आणि तिनं पुडा चष्म्याजवळ नेला.

आईनं लाटणं थांबवलं. वहिनीनं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात, ओठ हलवत. मग दुधाच्या बिस्किटाचा पुडा उचलून शेजारी धरला. मग बाकीचे तीन. पाचही पुड्यांवर खालची ओळ एकच होती.

“ताई,” ती म्हणाली, “ही ओळ मी लिहिली. पण या पुड्यासाठी नाही लिहिली.”

हातातलं गाळणं तसंच पातेल्यात पडलं. मी म्हटलं, नीट बघ, दाणे असतील कुठे तरी त्या ओळीत. ती म्हणाली, नाहीत. मला थाई येत नाही, पण मला आकार कळतात, त्याचाच पगार घेते मी. भिंग काढलं, पाचही ओळी एकाखाली एक पाहिल्या. वेलांटी न् वेलांटी तीच.

कसं झालं ते तिला लगेच कळलं, मला कळायला थोडा वेळ लागला. एजन्सीचं काम संगणकावर चालतं. त्यात एक मेमरी असते. तुम्ही एकदा एखाद्या वाक्याचं भाषांतर केलं की ते तिच्यात जमा. पुढे हुबेहूब तेच वाक्य आलं की मेमरी जुनं भाषांतर आपोआप भरते आणि त्या ओळीला कुलूप लावते. ती ओळ करड्या रंगात दिसते, भाषांतर करणाऱ्यानं तिला हात लावायचा नसतो. वेळ वाचतो म्हणे! ‘ॲलर्जीसाठी ठळक अक्षरांतील घटक पाहा’ हे वाक्य पाचही पुड्यांवर हुबेहूब. मेमरीला काय माहीत की वाक्य तेच असलं तरी त्याचा अर्थ दर पुड्याला बदलतो? तिनं दुधाच्या बिस्किटाची ओळ उचलली आणि सगळ्यांना चिकटवली. मधल्या तीन बिस्किटांत योगायोगानं तेच तीन घटक होते, म्हणून ती बरोबरच निघाली. चॉकलेटमध्ये दाणे होते.

वहिनीनं पहिल्या दिवशीच त्या ओळीसमोर शेरा लिहिला होता की ही ओळ प्रत्येक मालाला वेगळी लिहावी लागेल. तिनं मला तो दाखवला. पण शेरा मेमरीत जात नाही. तो पहिल्या फाइलीतच राहिला. आणि थाईतलं परत आपल्या भाषेत आणून तपासायचं काम आमच्या साहेबांनी फक्त पहिल्या पुड्याचं करून घेतलं होतं, कारण बाकीच्यांत तेच तर आहे, चालतंय.

त्यांना आम्ही मागून ‘चालतंय साहेब’च म्हणतो.

आई म्हणाली, अगं पण दाणे वर लिहिलेत ना घटकांमध्ये? मग वाचणाऱ्याला दिसतीलच की. मला पण क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एकदम हायसं वाटलं मला.

वहिनी पाटावर बसली. लग्नाआधी ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, हे आम्हाला माहीत होतं, पण ती त्याबद्दल फारसं बोलायची नाही. आता बोलली. वर्गात एक मुलगी होती म्हणे, दाण्यानं तिचा घसा सुजायचा. डब्याशिवाय काही आलं की वहिनी पुडा उलटा करायची आणि फक्त ती एक ओळ वाचायची. वीस मुलं भोवती ओरडत असतात, कुणाचं नाक वाहतंय, कुणी पाणी सांडलंय, तेव्हा वरची सगळी यादी कोण वाचणार? ओळ नसेल तर पुडा बाजूला ठेवायचा. ओळ असेल आणि तीत दाणे नसतील, तर द्यायचा. “ओळ नसती तर बरं झालं असतं, ताई,” ती म्हणाली. “लोक घाबरले असते. आता आपण त्यांना सांगितलंय, घाबरू नका.”

आईनं गॅस बंद केला.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, घटकांत नाव आहे ना, म्हणजे आपण लपवलेलं नाही, पुढच्या छपाईत दुरुस्त करू, चालतंय. मी म्हटलं, साहेब, नाही चालत. हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच त्यांना बोलले. ते म्हणाले, सकाळी बघू. रात्रभर आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही, आणि त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

सकाळी मी वहिनीला घेऊनच ऑफिसात गेले. साहेबांच्या खोलीत एजन्सीच्या माणसाला फोनच्या स्पीकरवर घेतलं होतं. त्याचा सूर असा, की ओळ तुमच्या भाषांतरकाराचीच आहे, आमच्या संगणकानं तर शब्दही बदललेला नाही. कुलूप तुमचं होतं, मी म्हटलं. तो म्हणाला, कुलूप काढून मागण्याची सोय असते, त्यांनी मागितलं नाही. हात वर करावेत तर असे! नंतर हळूच म्हणाला की अशा प्रकारानंतर यांना पुढचं काम देणं आमच्या नियमात बसत नाही. वहिनी समोर बसलेली, सगळं ऐकतेय. तिच्या कानापर्यंत रंग चढला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की तो समोर असता तर मी भिंगच फेकून मारलं असतं.

साहेब आयातदाराला पत्र लिहायला बसले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. ‘लेबलच्या मजकुरात किरकोळ विसंगती आढळली असून शक्य झाल्यास वितरण काही काळ’ वगैरे. मी म्हटलं, साहेब, किरकोळ म्हणजे काय? ते म्हणाले, ताई, शब्द जपून वापरावे लागतात, माल परत आला तर जबाबदारी कुणाची? इथेच घोडं पेंड खातं. माल अडवायचा सगळ्यांना होता, पण आपलं नाव न येता.

आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा मनात हिशेब करत होते. हे पत्र असंच जाऊ दिलं, तर एजन्सी कदाचित सगळं विसरेल, दोन-तीन महिन्यांनी वहिनीला परत बोलावेल. कडक पत्र गेलं तर तिचं नाव कायमचं संपलं. तिला मिळालेलं एकुलतं एक काम, ज्यात ती कुणाची बायको नव्हती, कुणाची सून नव्हती, नुसती थाई येणारी बाई होती. ते मी तिच्या ताटातून कसं काढून घेऊ?

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं साहेबांना विचारलं, माझ्या सहीचा कागद कुठे आहे? प्रत्येक मालाबरोबर एक कागद जातो, त्यावर भाषांतर करणारा सही करतो की हे भाषांतर बरोबर आहे. त्या कागदाशिवाय आयातदार माल दुकानात सोडत नाही, तसा आमचा त्यांच्याशी करारच आहे. साहेब म्हणाले, तो कशाला हवाय?

“मी माझी सही परत घेते,” वहिनी म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, वहिनी, विचार कर. ती म्हणाली, केला. आणि तिनं माझ्याच टेबलावर बसून आयातदाराच्या ऑफिसातल्या बाईला थाईत पत्र लिहिलं. फार तर पाच ओळींचं. चॉकलेट क्रीमच्या स्टिकरवरची ॲलर्जीची ओळ चुकीची आहे, मालात शेंगदाणे आहेत, ओळ माझी आहे, माझी सही रद्द समजा, विकू नका. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, ‘ओळ माझी आहे’ हे कशाला? चूक मेमरीची होती. ती म्हणाली, मेमरीला कोण फोन करणार?

पत्र गेलं. मग वाट बघणं सुरू झालं. बसून बसून माझे पाय बधिर झाले. साहेब दोनदा येऊन काही उत्तर आलं का विचारून गेले. चहा आला आणि गार झाला.

उत्तर दुपारी आलं, फोनच आला. वहिनी बोलू लागली तसा तिचा चेहरा जरा सैल झाला. तिनं हातानं मला खूण केली, पेट्या अडवल्यात. गोदामातून एकही पेटी बाहेर जाणार नाही, नवीन स्टिकर येईपर्यंत. मी खुर्चीतच मागे टेकले. तेवढ्यात वहिनी ताठ बसली. तिनं विचारलं, परत विचारलं, कागदावर एक नंबर लिहून घेतला.

फोन ठेवल्यावर म्हणाली, चॉकलेट क्रीमची एक पेटी गेलीय. त्यांच्याकडे विक्रीचं काम बघणाऱ्या बाईंनी नमुना म्हणून दिली. लहान मुलांच्या शाळेत.

शाळेत! जगात एवढी ठिकाणं असताना शाळेतच. वहिनीच्या हातातला कागद समोर धरून मी शाळेचा नंबर लावला आणि फोन तिला दिला.

पुढची काही मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. ती बोलत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. सुरुवातीची वर्षं ती आमच्या घरात अशीच बसली असेल, सगळे बोलतायत आणि आपण नुसते चेहरे वाचतोय, हे मला तेव्हा कळलं आणि लाज वाटली. एवढंच ओळखू येत होतं, की ती ‘थुआ लिसोंग’ म्हणतेय, परत परत. म्हणजे शेंगदाणे. ते कालच शिकले होते मी. दारात साहेब येऊन उभे राहिले होते, आत यायचं की नाही हे न ठरवता.

वहिनीनं फोनवर हात ठेवला. “त्यांच्याकडे एक मुलगी आहे, दाणे न चालणारी,” ती म्हणाली. “वर्गाच्या बाईंनी ओळ वाचली. म्हणून तिलाच पुडा दिला. बाकीच्या मुलांना दुसरा खाऊ होता, त्याच्यावर ओळ नव्हती. हिला कधी काही मिळत नाही, आज मिळालं म्हणून बाई खूश होत्या. मुलगी पुडा घेऊन घरी गेलीय.”

साहेब दारातच खाली बसले, खुर्ची नव्हती तिथे. मी देवाचं नाव घेतलं, ज्याचं आठवलं त्याचं. शाळेतल्या बाई मुलीच्या आईला दुसऱ्या फोनवरून लावत होत्या आणि इकडे आमची लाइन तशीच चालू होती. त्या फोनमधून मुलांचा गलका ऐकू येत होता. गलका सगळीकडे सारखाच असतो. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मला दुखत होतं आणि मी हलले नाही.

मग पलीकडे कुणी तरी भराभर बोललं. वहिनीनं डोळे मिटले. मी म्हटलं, सांग गं बाई, काय ते सांग लवकर. ती ऐकतच राहिली. मग दुसरा आवाज आला, बाईचाच पण निराळा, आणि वहिनी त्याच्याशी हळू बोलली. एकदा ‘हो’ म्हटल्यासारखं काही तरी. मग फोन ठेवला.

“नाही खाल्लं,” ती म्हणाली.

मी रडले. सरळ, हुंदके देऊन, साहेबांसमोर. साहेबांनी उठून मला पाण्याचा ग्लास दिला आणि आधी स्वतः अर्धा प्यायले, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वहिनी मात्र रडली नाही. नंतर तिनं सांगितलं ते असं. पुडा फोडलेला होता. शाळेतल्या बाईंनी वाचली तशी मुलीच्या आईनंही घरी ओळ वाचली, आणि खा म्हणाली. मुलगी आत हात धुवायला गेली होती. फोन त्या वेळात आला. दुसरा आवाज त्या आईचा होता, शाळेतल्या बाईंनी दोन्ही फोन एकमेकांना लावून धरले होते. तिनं विचारलं, तुम्ही कोण बोलताय? वहिनी म्हणाली, ती ओळ मी लिहिली. ती आई ओरडली असती तर बरं झालं असतं, वहिनी म्हणाली. ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मी सहा वर्षं फक्त तीच ओळ वाचत आले, आता उद्यापासून काय वाचू?





साहेब खाकरले. एजन्सीचं राहू द्या, म्हणाले, नवीन स्टिकर तुम्हीच लिहा, एजन्सीला मी बघून घेतो, सही मात्र… आणि थांबले. कदाचित सही मी करतो म्हणायचं होतं, कदाचित तुमची नको म्हणायचं होतं. वहिनीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं माझ्या टेबलावरून कोरा कागद ओढला. संगणक नको म्हणाली. मला म्हणाली, ताई, पाककृतीच्या मूळ याद्या काढा, पाचही. पुड्यावरच्या नकोत, कारखान्यातल्या, जिथून माल बनतो त्या.

मी काढल्या. मोठ्यानं वाचू लागले, एकेक घटक, थांबत थांबत, आणि ती प्रत्येकावर मान हलवून लिहीत गेली. चॉकलेट क्रीम झालं. दाणे आता त्या ओळीत होते. मी यादी मिटायला लागले, तर ती म्हणाली, दुधाच्या बिस्किटाची घ्या. मी म्हटलं, अगं, ती तर पहिल्यापासून बरोबरच आहे.

“असेल,” ती म्हणाली. “तरी वाचा.”

मी गव्हापासून सुरुवात केली.